सहासष्ट महिन्यांचा हिशेब

मागच्या महिन्यात आमच्या केंद्रावर एका बचत गटाच्या अध्यक्षा आल्या. सोबत गटातल्याच एक वहिनी होत्या आणि वहिनींच्या पिशवीत एक गुळगुळीत कागदाचं रंगीत पुस्तक. वहिनींनी गटाकडे एक लाखाचं कर्ज मागितलं होतं. लेकीला फिलिपिन्सला डॉक्टरकीला पाठवायचं होतं, आणि तालुक्याच्या गावच्या एजंटानं जागा धरून ठेवायला पैसे मागितले होते. पंचवीस हजार वहिनींनी आधीच भरले होते. गटातल्या बायकांचं म्हणणं सरळ होतं. पैसे देतो, पण पोरगी शिकून आली की इथं दवाखाना टाकू शकेल ना, एवढं आम्हाला कुणीतरी सांगा.

आम्ही काही डॉक्टर नाही की वकील नाही. पण नियम वाचता येतात, आणि न कळलेल्या ठिकाणी विचारताही येतं. म्हणून आम्ही, अध्यक्षा, वहिनी आणि वहिनींची लेक असे सगळे चहा घेत ते पुस्तक उघडून बसलो. त्या दुपारी जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

पुस्तकाच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की कॉलेजला भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता आहे. खाली जागतिक आरोग्य संघटनेचंही नाव होतं. इथंच आमच्या मनात पाल चुकचुकली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे ज्याला लोक एनएमसी म्हणतात, तो परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देतच नाही. मान्य कॉलेजांची यादीही तो काढत नाही. आयोगानं नियम घालून दिलेत, आणि कॉलेज त्या नियमात बसतं की नाही हे विद्यार्थ्यानं स्वतः बघून घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनाही कॉलेजांना मान्यता देत फिरत नाही. म्हणजे ज्या पुस्तकात हे दोन शिक्के आहेत, त्यातल्या बाकीच्या ओळी जरा सावकाश वाचायच्या.

आता नियम. १८ नोव्हेंबर २०२१ ला आयोगाचे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे नियम लागू झाले. त्यानंतर ज्यानं परदेशात प्रवेश घेतला, त्याला ते लागू आहेत. त्याच्या आधी प्रवेश घेतलेल्यांना जुने नियम. म्हणून एजंट जेव्हा म्हणतो, माझ्याकडून गेलेला अमक्याचा मुलगा आज सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे, तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. तो मुलगा २०१६ ला गेला असेल. त्याचं उदाहरण तुमच्या मुलीला लागू पडत नाही, एवढंच.

नियमात वेळेची अट अशी आहे. डॉक्टरकीचा अभ्यास कमीत कमी ५४ महिन्यांचा हवा. त्याच्यानंतर १२ महिने त्याच परदेशी संस्थेत इंटर्नशिप, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली दवाखान्यात प्रत्यक्ष काम. दोन्ही मिळून होतात ६६ महिने, साडेपाच वर्षं.

वहिनींच्या लेकीनं पटकन पुस्तकातलं पान काढलं. त्यात लिहिलं होतं, बीएस दीड वर्ष, एमडी चार वर्षं, एकूण साडेपाच वर्षं. ती म्हणाली, बघा काकू, बरोबर ६६ महिने! एजंटानं तिला अगदी हेच समजावून सांगितलं होतं. बेरीज बिनचूक आहे. म्हणूनच ती फसवी आहे.

फिलिपिन्समध्ये डॉक्टरकीचं शिक्षण असं चालतं की आधी एक पदवी घ्यायची, त्याला बीएस म्हणतात, आणि मग एमडीला प्रवेश. तिथली एमडी म्हणजे आपल्याकडची एमडी नव्हे, आपली एमबीबीएसच समजा. आपल्याकडे एमबीबीएसनंतरच्या पदवीला एमडी म्हणतात, त्यामुळे पुष्कळ घरांत वाटतं की पोरगी थेट मोठी डॉक्टर होऊन येणार. तर आपला आयोग मोजतो फक्त ती एमडी. बीएसमध्ये जीवशास्त्र, मानसशास्त्र असे पूर्वतयारीचे विषय असतात, ती डॉक्टरकी नाही, आणि एमबीबीएसच्या बरोबरीची तर नाहीच, असं आयोगानं स्पष्ट केलेलं आहे. मग १८ महिने बाजूला काढले की उरले ४८. लागतात ५४. आणि इंटर्नशिपचे १२ महिने या हिशेबात कुठं आलेच नाहीत.

आम्ही वहिनींना म्हटलं, असं समजा की बाजारात कुणी तुम्हाला दोन किलो शेंगदाणे दिले, आणि घरी येऊन बघता तर त्यात अर्धा किलो टरफलं. तराजूचा काटा बरोबरच होता. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, मग हे पंचवीस हजार?

त्याचं पुढं सांगतो. आधी दुसरी अट, जी आम्हाला महिन्यांच्या हिशेबापेक्षाही महत्त्वाची वाटते आणि जिच्याबद्दल पुस्तकात एक अक्षर नव्हतं. आयोग म्हणतो, ज्या देशात शिकलात, त्या देशात डॉक्टरकी करायचा परवाना तुम्हाला मिळायला पाहिजे. आणि तो तिथल्या नागरिकाला मिळतो त्याच तोडीचा पाहिजे. नुसती पदवी हातात असणं वेगळं आणि परवाना असणं वेगळं. पदवी कॉलेज देतं, परवाना त्या देशाची सरकारी यंत्रणा देते. काही देशांत कॉलेजं परदेशी मुलांना आनंदानं शिकवतात, फी घेतात, पदवी देतात, पण परवान्याची वेळ आली की तो फक्त आपल्या नागरिकांना. फिलिपिन्सचंच बघा. तिथल्या १९५९ च्या वैद्यकीय कायद्यानं परवान्याच्या परीक्षेला बसणाऱ्यावर अशी अट घातली की तो तिथला नागरिक पाहिजे, किंवा त्याच्या देशात फिलिपिनो डॉक्टरांना तशीच मुभा पाहिजे. असे कायदे बदलतही असतात. म्हणून अर्ज करायच्या दिवशी काय स्थिती आहे ते तिथल्या परवाना देणाऱ्या आयोगाकडूनच लेखी घ्यायचं. एजंटाकडून नाही, आणि खरं तर कॉलेजकडूनही नाही.

बाकीच्या अटी थोडक्यात. शिक्षण इंग्रजीतून हवं. पूर्ण शिक्षण आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत, अर्धं इथं अर्धं तिथं चालत नाही. आणि जाण्याआधी नीट पास असायला हवं. ते गुण परदेशातल्या प्रवेशासाठी निकालापासून ३ वर्षं चालतात. परदेशात जायला नीट लागत नाही, असं जो सांगेल त्याचा चहासुद्धा पिऊ नका. तिथं प्रवेशाला ती लागत नसेल कदाचित, पण परत आल्यावर इथं ती मागतातच.

आता, अट मोडली तर नेमकं काय होतं, हे आम्ही जवळून पाहिलंय. आमच्याच पट्ट्यातल्या एका गावचा मुलगा. नोव्हेंबर २०२१ च्या सुरुवातीला त्याचा नीटचा निकाल लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो फिलिपिन्सला गेला. दीड वर्ष बीएस केलं, मग एमडी सुरू झाली. एमडीच्या दुसऱ्या वर्षात असताना, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच्या एका मित्रानं त्याला हा ५४ महिन्यांचा नियम दाखवला. तोपर्यंत त्याला खरोखरच माहीत नव्हतं. पहिली वर्षं पास होत होता, घरी फोटो पाठवत होता. त्याला वाटलं, दुसऱ्या देशातल्या कॉलेजात बदली घेऊ. पण शिक्षण एकाच संस्थेत हवं, म्हणजे केलेली वर्षं जोडून मिळत नाहीत, पहिल्यापासून सुरुवात. बरं, पहिल्यापासून करू म्हटलं, तर नीटची तीन वर्षं नोव्हेंबर २०२४ लाच संपली होती. म्हणजे पुन्हा नीट. त्याच्या आईनं आम्हाला सांगितलं, शेत गहाण आहे ते सोडवायचं राहिलं बाजूला, पोरगा जेवायला खाली येत नाही. तो मुलगा हुशार नव्हता असं नाही. त्यानं चूक अभ्यासात केली नव्हती. अर्ज भरताना झाली होती, आणि ती कळायला तीन वर्षं गेली.

या गोष्टीत सगळ्यात वाईट हेच आहे. चूक कळते उशिरा. कॉलेज तुम्हाला प्रवेश देतं, व्हिसा मिळतो, परीक्षा होतात, कुणी अडवत नाही. अडवतात ते शेवटी, भारतात परत आल्यावर, जेव्हा परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ येते.

ती परीक्षा कोणती, तेही सांगतो. तिला एफएमजीई म्हणतात. नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स ती घेतं, साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, वर्षातून दोनदा. ३०० प्रश्न असतात, १५० बरोबर यावे लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि कितीही वेळा बसता येतं. ऐकायला सोपं वाटतं. पण गेल्या काही वर्षांत चार जण बसले तर साधारण तिघं नापास होत आलेत. पुढं तिच्या जागी नेक्स्ट नावाची परीक्षा यायची आहे, तोवर हीच आहे. पास झालं की मग भारतात पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. हो, पुन्हा! परदेशात केलेली असली तरी इथं एक वर्ष करावीच लागते. त्यानंतर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे कायमची नोंदणी, आणि तेव्हा कुठं दारावर डॉक्टर म्हणून पाटी. नोंदणी नसताना डॉक्टरकी केली तर कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. म्हणून साडेपाच वर्षांत पोरगी कमावती होईल, असा हिशेब करून कर्जाचे हप्ते ठरवू नका. सगळं सुरळीत झालं तरी सात वर्षं धरा.

हेच बोर्ड प्रत्येक परदेशी कॉलेजचे किती विद्यार्थी बसले आणि किती पास झाले याचे आकडे प्रसिद्ध करतं. natboard.edu.in या त्यांच्या संकेतस्थळावर ते शोधता येतात. आम्ही वहिनींच्या लेकीला मोबाईलवर ते शोधायला लावलं. आधी तिनं टक्केवारी पाहिली, आम्ही म्हटलं, नुसती टक्केवारी बघू नकोस. एखाद्या कॉलेजचे तीनच बसले आणि दोन पास झाले तर टक्केवारी झकास दिसते. शंभर-दोनशे बसलेत तिथला आकडा काहीतरी सांगतो.

मग आम्ही पत्र लिहायला घेतलं. कॉलेजच्या कुलसचिवांना, म्हणजे रजिस्ट्रारना, त्यांच्या अधिकृत ई-मेलवर. एजंटाला मध्ये न घालता. लेकीनं इंग्रजीत लिहिलं, आम्ही मराठीत सांगत गेलो. तुमच्या डॉक्टरकीच्या पदवीचे, पूर्वतयारीची पदवी सोडून, नेमके किती महिने? ती इंग्रजीतून पूर्ण शिकवता का, आणि तसं गुणपत्रिकेवर लिहून मिळेल का? इंटर्नशिप १२ महिन्यांची आहे का, आणि ती तुमच्याच संस्थेत होते का? ही पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकाला तुमच्या देशात तुमच्या नागरिकांइतकाच डॉक्टरकीचा परवाना मिळतो का, आणि तो कोणतं कार्यालय देतं? बस, चारच प्रश्न. त्याच मजकुराचं दुसरं पत्र त्या देशाच्या परवाना देणाऱ्या कार्यालयाला, आणि तिसरं त्या देशातल्या आपल्या भारतीय दूतावासाला. बऱ्याच दूतावासांच्या संकेतस्थळावर डॉक्टरकीला येणाऱ्या भारतीय मुलांसाठी सूचना लावलेल्या असतात, त्या आधी वाचल्या तर निम्मी उत्तरं तिथंच सापडतात. आयोगाचे मूळ नियम आणि जाहीर सूचना nmc.org.in वर आहेत.

बारा दिवसांनी कॉलेजचं उत्तर आलं. सभ्य होतं, आणि खरं सांगायचं तर प्रामाणिक होतं. एमडी ४८ महिन्यांची. शेवटच्या वर्षी दवाखान्यात काम असतं, पण ते त्या ४८ मध्येच धरलेलं. पदवीनंतरची इंटर्नशिप बाहेरच्या मान्य हॉस्पिटलात करावी लागते. परवान्यासाठी तुम्ही आमच्या देशाच्या नियामक आयोगाकडे चौकशी करावी. म्हणजे कॉलेजनं काहीच लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

ते उत्तर छापून वहिनी एजंटाकडे गेल्या. तो म्हणाला, आता तिथं कोर्स वाढवणार आहेत, काळजी करू नका. अध्यक्षा सोबत होत्या. त्या म्हणाल्या, वाढवला की तसं कॉलेजच्या कागदावर महिने मोजून लिहून आणा, त्या दिवशी पैसे देतो. तो कागद अजून आलेला नाही. पंचवीस हजारांची पावती साध्या वहीच्या पानावर होती, त्यावर पैसे परत मिळतील की नाही याचा उल्लेख नव्हता. बऱ्याच फेऱ्यांनंतर दहा हजार परत आले. उरलेले येतील असं आम्हाला वाटत नाही. पैसे द्यायच्या आधी हे पत्र गेलं असतं तर त्याला खर्च आला असता शून्य रुपये.

हा कार्यक्रम ठरला तेव्हा एका मावशींनी फोन करून विचारलं की वकिलीचं काय. त्यांच्या पुतण्याला इंग्लंडला कायदा शिकायचा आहे. तिथंही वर्षांचीच मेख आहे. इंग्लंडमध्ये बारावीनंतर थेट तीन वर्षांत कायद्याची पदवी मिळते. आपल्याकडे मात्र बारावीनंतर पाच वर्षं, किंवा आधी एखादी पदवी आणि मग तीन वर्षं, असा हिशेब आहे. आणि ते विद्यापीठ भारतीय बार कौन्सिलनं मान्य केलेलं हवं. इथं डॉक्टरकीपेक्षा वेगळं आहे, बार कौन्सिल विद्यापीठांना मान्यता देतं, म्हणून आधी ती यादी बघायची. बारावीनंतर तीनच वर्षं केलेल्यांना परत आल्यावर इथं आणखी शिकावं लागतं, आणि पात्रता परीक्षा द्यावी लागते, मग सनद. मावशींच्या पुतण्यानं बी.ए. पूर्ण करून गेलेलं बरं, असं आमचं मत. शेवटी विचारायचं बार कौन्सिललाच.

वहिनींच्या लेकीचं सांगायचं राहिलं. ती रडली, दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि मग तिनंच मध्य आशियातल्या एका कॉलेजची माहिती काढली. सहा वर्षांचा कोर्स. तेच चार प्रश्न तिनं स्वतः लिहून पाठवले, या वेळी आम्हाला न विचारता. उत्तर आलंय. महिने पुरेसे आहेत, शिक्षण इंग्रजीतून आहे. तिनं त्यांना पाचवा प्रश्नही घातला होता, जो आमच्या डोक्यात आला नव्हता. वॉर्डातले पेशंट कोणती भाषा बोलतात? उत्तर होतं, रशियन आणि स्थानिक भाषा. म्हणजे पुस्तक इंग्रजीतलं वाचलं तरी खाटेवरच्या आजीला कुठं दुखतंय हे विचारायला दुसरी भाषा शिकावी लागणार. ती तयार आहे म्हणते.

परवान्याच्या प्रश्नावर मात्र त्या पत्रात एक ओळही नाही. चार प्रश्न विचारले, तीनाचीच उत्तरं आली. तिनं पुन्हा लिहिलंय, आणि त्या देशाच्या आरोग्य खात्यालाही. तिच्या नीटच्या निकालाला अजून दोन वर्षं बाकी आहेत, तेव्हा घाई नाही. गटानंही ठरवलंय, चौथं उत्तर येईपर्यंत लाख रुपये गटाच्या खात्यातच राहतील. पत्राचा इंग्रजी मजकूर आम्ही केंद्रावर ठेवलाय. ज्यांना हवा असेल त्यांनी येऊन उतरवून घ्या, आणि पाचवा प्रश्नही त्यात लिहून घ्या.